परतीची वाट राखून : प्रस्तावना

फोनवर ‘अपडेट पूर्ण करण्यासाठी रीस्टार्ट करा’ अशी सूचना आली की आपल्याला वाटते, खरे काम आता सुरू होणार. आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत तोवर जवळजवळ सगळे काम उरकलेले असते. नवी सिस्टिम डाउनलोड होऊन स्टोरेजमध्ये लिहिली गेलेली असते, लिहिलेले बरोबर उतरले की नाही याची तपासणीही झालेली असते. आपण त्या वेळात फोनवर बोलत असतो, गाणी ऐकत असतो किंवा झोपलेले असतो. पुढच्या वेळी फोन सुरू होताना जुनी सिस्टिम उचलायची की नवी, एवढाच निर्णय रीस्टार्टसाठी उरतो.

या सोयीला इंग्रजी नावावरून ‘सीमलेस अपडेट’ म्हणतात आणि तिच्यामागच्या रचनेला ‘ए/बी’. तिचे वर्णन सहसा वेळेच्या हिशोबात होते : पूर्वी फोन बराच वेळ अडकून पडायचा, आता एका रीस्टार्टवर भागते. हे खरे असले तरी माझ्या मते ती या रचनेची दुय्यम कमाई आहे. नवी सिस्टिम स्वतःला सिद्ध करीपर्यंत जुनीला धक्का लागत नाही, ही मुख्य कमाई. ही परतीची वाट किती काळ, किती किमतीत आणि कोणत्या मर्यादेपर्यंत राखायची, या प्रश्नाभोवती गेल्या दहा-पंधरा वर्षांतली फोन-अपडेटची सगळी वाटचाल झाली आहे. या पुस्तकाचा धागाही तोच आहे.

मुळात अडचण काय आहे ते आधी पाहू. फोनची सिस्टिम स्टोरेजच्या ठरावीक भागांत, म्हणजे पार्टिशनांत, ठेवलेली असते. कर्नल आणि सुरुवातीला लागणाऱ्या फाइली `boot` मध्ये, अँड्रॉइडचा मुख्य डोलारा `system` मध्ये, चिप आणि कॅमेऱ्यासारख्या सुट्या भागांशी बोलणारे सॉफ्टवेअर `vendor` मध्ये, आणि आपले फोटो, संदेश, अॅप व त्यांचा डेटा `userdata` मध्ये. फोन चालू असताना त्यातली प्रत्येक हालचाल `system` मधल्या फाइलींवर विसंबून असते. त्याच फाइली त्याच वेळी बदलायच्या, म्हणजे माणसे राहत असताना घराचा पाया उपसण्यासारखे आहे.

अँड्रॉइडने सुरुवातीला यावर काढलेला तोडगा सरळ होता : माणसांना बाहेर काढा, मग पाया बदला. त्यासाठी `recovery` नावाच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये एक छोटी स्वतंत्र सिस्टिम ठेवलेली असे. अपडेटची फाइल आधी डाउनलोड व्हायची, फोन बंद होऊन रिकव्हरीत सुरू व्हायचा आणि तिथून `system` वर नवा मजकूर लिहिला जायचा. पडद्यावर पोट उघडलेला हिरवा रोबो आणि सरकणारी पट्टी दिसे. ते संपले, फोन पुन्हा सुरू झाला, की सगळी अॅप नव्या सिस्टिमसाठी एकामागून एक तयार केली जात आणि इतक्यांपैकी इतकी झाली असा आकडा हळूहळू पुढे सरके. तेवढा वेळ फोन लागत नसे, अलार्म वाजत नसे आणि अडीअडचणीचा कॉलही घेता येत नसे.

त्यापेक्षा मोठी जोखीम मात्र डोळ्यांना दिसत नसे. 2014 साली आलेल्या अँड्रॉइड 5.0 पासून अपडेट एकेका फाइलीचे न राहता थेट ब्लॉकच्या पातळीवर होऊ लागले. छोट्या अपडेटमध्ये नवी सिस्टिम पूर्ण पाठवत नाहीत. जुन्या ब्लॉकांत काय बदल केला की नवे ब्लॉक मिळतील, एवढेच पाठवतात. जुन्या पद्धतीत हा बदल जागच्या जागी होई, म्हणजे जुना ब्लॉक वाचायचा, त्यावरून नवा घडवायचा आणि तो जुन्याच्याच जागेवर लिहायचा. मध्येच बॅटरी संपली तर काम जिथे थांबले तिथून पुढे नेण्याची सोय होती. पण स्टोरेजची एखादी जागाच खराब निघाली किंवा नवी सिस्टिम लिहून झाल्यावर सुरूच झाली नाही, तर मागे फिरायला काही उरत नसे. जुनी सिस्टिम मोडलेली, नवी चालत नाही, आणि फोन सेवा केंद्राच्या टेबलावर. नवीची परीक्षा होण्याआधीच जुनी नष्ट करावी लागे, हा त्या पद्धतीचा मूळ दोष होता. पुढच्या सगळ्या सुधारणा या दोषावरचे उपाय आहेत.

दोन प्रती ठेवण्याचा उपाय अँड्रॉइडकडे क्रोम ओएसकडून आला. 2011 मध्ये क्रोमबुक विक्रीला आली तेव्हा त्यांच्या डिस्कवर सिस्टिमच्या दोन जागा आखलेल्या होत्या. एकीवर संगणक चालायचा, दुसरीवर मागच्या मागे नवी आवृत्ती लिहिली जायची. ती लिहिणाऱ्या प्रोग्रामचे नाव `update_engine`. 2016 मध्ये अँड्रॉइड 7.0 मध्ये हीच कल्पना आली तेव्हा प्रोग्रामही तोच आला, आणि त्या वर्षीच्या पहिल्या पिक्सेल फोनांपासून ही रचना लोकांच्या हाती पडली. ही वंशावळ आजही डोळ्यांनी पाहता येते. अँड्रॉइडच्या अशा अपडेटमध्ये `payload.bin` नावाची फाइल असते. ती उघडून पहिली चार अक्षरे वाचली तर `CrAU` असे दिसते. त्यातले ‘सीआर’ क्रोमचे आहे.

या रचनेत सिस्टिमच्या प्रत्येक पार्टिशनची जोडी असते : `boot_a` आणि `boot_b`, `system_a` आणि `system_b`, `vendor_a` आणि `vendor_b`. ‘ए’ नावाच्या सगळ्या पार्टिशनांचा मिळून एक स्लॉट, ‘बी’ नावाच्यांचा दुसरा. `userdata` मात्र एकच असते. फोटो किंवा संदेशांच्या दोन प्रती होत नाहीत. सिस्टिम कोणतीही चालू असली तरी डेटा तोच. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण परतीच्या वाटेवरचा एक अवघड खड्डा इथेच आहे. वेगळे `recovery` पार्टिशनही या मूळ रचनेत राहिले नाही. रिकव्हरीचे काम `boot` मध्येच सामावले गेले आणि तिच्यासाठी राखलेले `cache` पार्टिशनही गेले.

आता एक अपडेट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. समजा, फोन ‘ए’ स्लॉटवर चालू आहे आणि रात्री चार्जिंगला लावलेला असताना नवे अपडेट आले.

`update_engine` सर्वांत आधी ‘ए’ स्लॉट नीट चालणारा म्हणून नोंदलेला आहे ना, हे पाहतो आणि ‘बी’वर ‘यावरून फोन सुरू करू नये’ अशी खूण करतो. ‘बी’वर आता अर्धवट मजकूर पडणार असतो. मध्येच फोन बंद पडला तर चुकूनही त्या अर्धवट सिस्टिमकडे कोणी जाऊ नये, यासाठी ही काळजी. मग अपडेटचा सूचनाभाग येतो : ‘बी’मधला अमुक ब्लॉक ‘ए’मधल्या तमुक ब्लॉकवरून जसाच्या तसा घ्या, अमुक ब्लॉक जुन्यात एवढा फरक करून बनवा, अमुक पूर्ण नवा आहे तो पाकिटातून काढा, अमुक जागी शून्ये भरा. अशी कामे एकेक करून पार पडतात. ‘ए’ फक्त वाचला जातो. लिहिणे चालते ते ‘बी’वर. अँड्रॉइड 8.0 पासून तर सगळे पाकीट आधी उतरवून ठेवण्याचीही गरज राहिली नाही. मजकूर नेटवरून येतो तसा थेट ‘बी’वर लिहिला जातो आणि सूचनाभागासाठी साधारण 100 किलोबाइट मोकळी जागा पुरते. वाय-फाय तुटले किंवा फोन बंद झाला तर कुठवर आलो याची नोंद असते, काम तिथून पुढे चालते.

लिहून झाल्यावर सहीची पडताळणी होते. मग ‘बी’ची पार्टिशने स्टोरेजवरून पुन्हा वाचून त्यांचा हॅश काढतात आणि पाठवणाऱ्याने सांगितलेल्या हॅशशी ताडून पाहतात. आपण काय लिहायला सांगितले हे इथे पुरत नाही, प्रत्यक्ष काय लिहिले गेले ते मोजले जाते. त्यानंतर नव्या सिस्टिममधलाच एक छोटा प्रोग्राम जुन्या सिस्टिमवरून चालवला जातो. त्याचे मुख्य काम म्हणजे फोनमधली अॅप नव्या सिस्टिमसाठी आधीच तयार करून ठेवणे. पूर्वी रीस्टार्टनंतर ताटकळत ठेवणारे ते काम आता आदल्या रात्री मागच्या मागे उरकते. सर्वांत शेवटी ‘बी’वरची नकाराची खूण काढून पुढच्या वेळचा स्लॉट म्हणून ‘बी’ची नोंद होते. रीस्टार्टची सूचना पडद्यावर येते ती यानंतर.

ही नोंद असते तरी कशी? अँड्रॉइडच्या नमुना रचनेत ती `misc` नावाच्या एका लहानशा पार्टिशनमध्ये राहते, आणि प्रत्येक स्लॉटसाठी जेमतेम काही बिट. चार बिट प्राधान्यासाठी : दोघांपैकी कोणाला आधी उचलायचे. तीन बिट उरलेल्या प्रयत्नांसाठी, म्हणून जास्तीत जास्त सात प्रयत्न. एक बिट ‘हा स्लॉट एकदा नीट सुरू झाला आहे’ यासाठी आणि एक ‘याच्या मजकुरात बिघाड सापडला आहे’ यासाठी. शेकडो मेगाबाइटचे लिखाण तासभर चालले असेल, पण फोन जुन्याचा नवा होतो तो या चिमूटभर नोंदीमुळे. बाकीचे काम कुठेही अर्धवट राहिले तरी चालते, कारण तोवर ही नोंद ‘ए’कडेच बोट दाखवत असते.

फोन रीस्टार्ट झाला की बूटलोडर ही नोंद वाचतो, ‘बी’चा एक प्रयत्न कमी करतो आणि ‘बी’वरून फोन सुरू करायला घेतो. आता खरी परीक्षा. ‘बी’मधला प्रत्येक ब्लॉक वाचताना तो सही केलेल्या हॅशच्या साखळीशी जुळतो का, हे कर्नल तपासत जातो, या तपासणीला `dm-verity` म्हणतात. पण नेहमीच्या सुरुवातीत सगळे ब्लॉक वाचले जात नाहीत. एखादा खराब ब्लॉक महिन्याभराने कॅमेरा उघडताना सापडला तर उपयोग काय? म्हणून अपडेटनंतरच्या पहिल्या सुरुवातीत `update_verifier` नावाचा प्रोग्राम वापरात असलेले सगळे ब्लॉक एकदा मुद्दाम वाचून काढतो. सगळे जुळले आणि फोन उठला तर ‘बी’च्या नावापुढे यशाचा बिट लागतो. तो लागला नाही, फोन पुन्हा पुन्हा अडकून रीस्टार्ट होत राहिला, तर प्रत्येक वेळी एक प्रयत्न खर्ची पडतो. प्रयत्न संपले की बूटलोडर ‘बी’ला बाद करून ‘ए’ उचलतो. कालची सिस्टिम होती तशी असते, आणि अपडेट लागू झाले नाही असा संदेश तेवढा दिसतो.

ज्यांना हे आपल्या फोनवर पाहायचे आहे त्यांना संगणकाला फोन जोडून दोन ओळींत उत्तर मिळते :

```
adb shell getprop ro.boot.slot_suffix
adb shell getprop ro.virtual_ab.enabled
```

पहिल्या ओळीला `_a` किंवा `_b` असे उत्तर आले तर फोनला दोन स्लॉट आहेत आणि सध्या कोणता चालू आहे तेही कळले. काहीच आले नाही तर फोन जुन्या पद्धतीचा. दुसऱ्या ओळीला `true` आले तर फोन या रचनेच्या पुढच्या पिढीतला आहे. तिच्याकडे वळण्याआधी खड्ड्याचे आणि किमतीचे पाहू.

खड्डा `userdata` चा. सिस्टिम दोन पण डेटा एक, म्हणून नव्या सिस्टिमने पहिल्याच सुरुवातीत डेटाची मांडणी बदलली आणि नंतर ती अपयशी ठरली, तर मागे आलेल्या जुन्या सिस्टिमला तो डेटा वाचताच येत नाही. तिला नव्या मांडणीची ओळख नसते. सिस्टिम परत आली तरी डेटा परतलेला नसतो. यावर अँड्रॉइड 10 मध्ये उपाय आला. अपडेटनंतरच्या पहिल्या सुरुवातीत डेटावर होणारे बदल कच्चे मानले जातात. फोन नीट उठला की ते पक्के होतात, नाहीतर आधीची स्थिती परत आणता येते. फोन नीट उठून बदल पक्के झाले की मात्र हे संरक्षण संपते. ए/बी आहे म्हणून कधीही मागच्या आवृत्तीवर जाता येईल, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. परतीची वाट असते ती सुरूच न होणाऱ्या सिस्टिमसाठी. फोन सुरू झाला पण बॅटरी लवकर उतरू लागली किंवा एखादे अॅप बिघडले, तर या रचनेच्या दृष्टीने अपडेट यशस्वीच असते.

किमतीचा प्रश्न जागेचा आहे. दोन प्रती म्हटल्या की दुप्पट जागा, असे वाटणे साहजिक आहे. पहिल्या पिक्सेलचा अधिकृत हिशोब वेगळे सांगतो. ए/बी रचनेत सिस्टिमची सगळी पार्टिशने मिळून 5000 मेगाबाइट लागत होती. तोच फोन जुन्या पद्धतीने बांधला असता तर 4680 लागली असती. फरक 320 मेगाबाइटचा, म्हणजे 32 गिगाबाइटच्या फोनात सुमारे एक टक्का. हे कसे जमले? `recovery` आणि `cache` ची जागा वाचली हे एक. मोठी बचत `system` मध्ये झाली. जुन्या पद्धतीत सिस्टिमच्या फाइलींसोबत अॅपचे आधी तयार केलेले रूपही `system` मध्येच ठेवत आणि त्यासाठी 4096 मेगाबाइटचे एकच पार्टिशन धरले होते. नव्यात 2048 ची दोन केली. कारखान्यातून निघताना रिकाम्या राहणाऱ्या दुसऱ्या स्लॉटमध्ये ही तयार रूपे तात्पुरती ठेवली, म्हणजे पहिल्यांदा फोन सुरू करतानाही वेळ लागू नये. पहिले अपडेट आले की ती जागा मोकळी होते, आणि तोवर ही रूपे `userdata` मध्ये गेलेली असतात.

तरीही हा हिशोब सगळ्यांना परवडणारा नव्हता. सिस्टिम दर वर्षी फुगत गेली, आणि 16 किंवा 32 गिगाबाइटचे स्वस्त फोन बनवणाऱ्यांना न वापरल्या जाणाऱ्या प्रतीसाठी दोन-तीन गिगाबाइट देणे जड वाटे. अनेक कंपन्या जुन्या पद्धतीवरच राहिल्या. सॅमसंगसारख्या सर्वांत मोठ्या उत्पादकाने 2024 च्या गॅलेक्सी ए55 पासून सीमलेस अपडेट द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्या वरच्या श्रेणीत ती 2025 च्या एस25 मालिकेत आली. पिक्सेलनंतर आठ वर्षे! तोवर लाखो लोक सरकणाऱ्या पट्टीसमोर बसत राहिले.

या जागेच्या प्रश्नातून दुसरी पिढी निघाली : व्हर्च्युअल ए/बी. अँड्रॉइड 10 मध्ये `system`, `vendor` वगैरे पार्टिशनांच्या पक्क्या सीमा काढून ती सगळी `super` नावाच्या एका मोठ्या पार्टिशनमध्ये आली. आत कोणाला किती जागा, हे सॉफ्टवेअर ठरवू लागले. 2020 च्या अँड्रॉइड 11 ने त्यावर पुढचे पाऊल टाकले. ‘बी’ची पूर्ण प्रत ठेवायचीच नाही. अपडेट आले की फक्त बदललेल्या ब्लॉकांची वेगळी नोंद करायची, `super` मध्ये जागा उरली असेल तिथे आणि ती पुरली नाही तर `userdata` मध्ये. रीस्टार्टनंतर सिस्टिमला खाली जुने ब्लॉक आणि वर बदलांचा थर असे मिळून नवे पार्टिशन दिसते. प्रत्यक्षात तशी एकसंध प्रत कुठेच नसते. अँड्रॉइड 12 मध्ये हा थर कॉम्प्रेस करण्याची सोय आली आणि जागेची गरज आणखी घटली. `boot` सारखी लहान पार्टिशने मात्र आजही खरोखरच दोन-दोन असतात.

यात मिळवले काय ते उघड आहे. गमावले काय, हे समजून घ्यायला हवे. पहिल्या पिढीत नवी सिस्टिम यशस्वी ठरल्यावरही जुनी पुढच्या अपडेटपर्यंत दुसऱ्या स्लॉटमध्ये पडून असे. दुसऱ्या पिढीत यश नोंदले गेले की एकत्रीकरण सुरू होते, म्हणजे थरातले बदल मागच्या मागे खालच्या जुन्या ब्लॉकांवर कायमचे लिहिले जातात. ते सुरू झाले की परतीची वाट बंद. मध्येच फोन बंद पडला तर पुढच्या सुरुवातीला काम तिथून चालू राहते, पण दिशा एकच, पुढची. म्हणूनच एकत्रीकरण चालू असताना बूटलोडरने स्लॉट बदलायला, पार्टिशन पुसायला नकार द्यावा असा नियम आहे, आणि फॅक्टरी रीसेट करायचा असेल तर रिकव्हरीला आधी हे काम पूर्ण करावे लागते, कारण बदलांचा काही भाग `userdata` मध्येच पडलेला असू शकतो. जागा भरलेल्या फोनवर अपडेटसाठी मोकळी जागा मागितली जाते, तिचेही हेच कारण. पुष्कळांना ती कटकट वाटते. ती परतीच्या वाटेसाठी लागणारी जागा आहे.

अपडेटची वाट राखण्याचे हे दोनच मार्ग आहेत असे नाही. मोठ्या यंत्रांत बसवलेल्या लहान लिनक्स संगणकांसाठी रॉक, मेंडर यांसारखी साधने दोन प्रतींचीच पद्धत वापरतात. फेडोरा सिल्व्हरब्लू दोन पार्टिशने ठेवत नाही. एकाच फाइल सिस्टिममध्ये फाइलींच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात आणि सारख्या फाइली एकदाच साठवल्या जातात. आयफोनवर आजही अपडेटची तयारी आधी होते, पण प्रत्यक्ष बसवणी लोगोखालच्या पट्टीसमोर थांबूनच करावी लागते. या साऱ्यांची तुलना करताना एकच कसोटी लावावी असे मी सुचवतो : जुने कोणत्या क्षणी नाहीसे होते, आणि त्या क्षणापूर्वी नव्याची किती परीक्षा झालेली असते?

परतीच्या वाटेला आणखी एका बाजूने विरोध होतो, आणि तो तितकाच न्याय्य आहे. जुन्या सिस्टिममध्ये सुरक्षेचे भगदाड असेल तर फोन हाती लागलेला चोर किंवा हेर मुद्दाम त्या जुन्या आवृत्तीवर परत नेईल. म्हणून फोनमध्ये एक न पुसता येणारा आवृत्ती-क्रमांक असतो. त्यापेक्षा जुने काहीही सुरू करायला बूटलोडर नकार देतो. परत जाता यावे ही एक गरज, परत जाता येऊ नये ही दुसरी. दोघींची टक्कर 2022 मध्ये उघड्यावर आली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पिक्सेल 6, 6 प्रो आणि 6ए या फोनांना अँड्रॉइड 13 मिळाले तेव्हा त्यांच्या बूटलोडरचा हा क्रमांक वाढवण्यात आला, कारण आधीच्या बूटलोडरमध्ये सुरक्षेचा दोष होता. समजा फोन ‘ए’वर अँड्रॉइड 12 चालवत होता. अपडेट ‘बी’वर लिहिले गेले, फोन ‘बी’वरून नीट सुरू झाला, यश नोंदले गेले आणि क्रमांक वाढला. ‘ए’मध्ये मात्र अजून जुना बूटलोडर पडून आहे. रोजच्या वापरात काही बिघडत नाही. पण याच अवस्थेत कोणी ‘बी’वर हाताने एखादी न चालणारी सिस्टिम टाकली, तर प्रयत्न संपल्यावर फोन शिकवल्याप्रमाणे ‘ए’कडे वळतो. तिथला बूटलोडर क्रमांकाच्या नियमाने नाकारला जातो. मागचे दार बंद, पुढचे मोडलेले, आणि फोन सुरूच होत नाही. गूगलने त्या वेळी वापरकर्त्यांना स्पष्ट इशारा दिला आणि हाताने सिस्टिम बदलणाऱ्यांना नवा बूटलोडर दुसऱ्या स्लॉटवरही टाकून घ्यायला सांगितले. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी बरोबर चालल्या होत्या. फोन मरत होता तो दोघींच्या मधल्या फटीत. दोन प्रती असणे आणि दोन चालू शकणाऱ्या प्रती असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेइतके स्वच्छ दुसरे काही दाखवत नाही. हाताने सिस्टिम बदलणाऱ्याने म्हणून आधी दोन्ही स्लॉटची स्थिती विचारावी. बूटलोडरच्या पडद्यावर फोन नेऊन हे करता येते :

```
fastboot getvar current-slot
fastboot getvar slot-successful:a
fastboot getvar slot-retry-count:b
```

आज हा विषय समजून घेण्याचे कारण फोनच्या वाढलेल्या आयुष्यात आहे. 2015 मध्ये स्टेजफ्राइट हा दोष उघड झाल्यावर अँड्रॉइडसाठी दर महिन्याला सुरक्षा अपडेट देण्याची पद्धत सुरू झाली. 2023 च्या पिक्सेल 8 पासून गूगलने आणि 2024 च्या एस24 मालिकेपासून सॅमसंगने सात वर्षे अपडेट देण्याचे कबूल केले. महिन्याला एक धरले तर एका फोनच्या आयुष्यात 84 वेळा सिस्टिम बदलणार. जुन्या पद्धतीत यातले प्रत्येक अपडेट एक जोखीम होती, म्हणून लोक ते टाळत आणि दोष तसेच राहत. एवढ्या वेळा पाया बदलायचा तर बदलण्याची कृती कंटाळवाणी वाटेल इतकी सुरक्षित असायला हवी. शिवाय सात वर्षांत स्टोरेज झिजते, फोटोंनी भरते, बॅटरी अवेळी मान टाकते. रचनेची खरी परीक्षा नव्याकोऱ्या फोनवर होत नाही, पाचव्या-सहाव्या वर्षी होते.

हे पुस्तक तिघांसाठी लिहिले आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्यांसाठी, कारण पाठ्यपुस्तकातले स्नॅपशॉट, हॅश आणि अर्धवट लिखाणातून सावरण्याचे तंत्र इथे एका हातात मावणाऱ्या यंत्रात एकत्र भेटते. फोन दुरुस्त करणाऱ्यांसाठी, कारण सुरू न होणारा फोन समोर आला की तो कोणत्या टप्प्यावर अडकला आहे हे ओळखता आले तर डेटा वाचवणे आणि पुसून टाकणे यातला फरक पडतो. आणि स्वतःच्या फोनचे काय चालले आहे हे जाणून घ्यायची इच्छा असलेल्या कोणत्याही वाचकासाठी. त्यामुळे तांत्रिक संज्ञा लागतील तिथेच आणल्या आहेत, आणि प्रत्येक यंत्रणेला तेच तीन प्रश्न विचारले आहेत : वीज आत्ता गेली तर काय होईल, नवे चालले नाही हे फोनला कसे कळेल, आणि जुने नेमके केव्हा जाते?

तिसरा प्रश्न अजून कोणत्याही रचनेने कायमचा सोडवलेला नाही. पहिल्या पिढीने जुने पुढच्या अपडेटपर्यंत सांभाळले आणि त्यासाठी जागा दिली. दुसऱ्या पिढीने जागा वाचवली आणि जुन्याला पहिल्या यशस्वी सुरुवातीनंतर लगेच निरोप दिला. पण ‘फोन सुरू झाला’ ही यशाची फार तोकडी व्याख्या आहे. नेटवर्क न पकडणारा किंवा कॉलमध्ये आवाज न येणारा फोनही त्या व्याख्येत पास होतो. एक दिवस नीट चालला, एक कॉल पार पडला, एक रात्र बॅटरी टिकली, अशा खुणा पाहून मगच एकत्रीकरण करावे का? त्यासाठी तेवढा काळ जागा अडकवून ठेवणे आणि सुरक्षेचा क्रमांक लांबणीवर टाकणे परवडेल का? या प्रश्नावर पुढची पिढी काम करील, आणि तिच्यात मराठी वाचणारे अभियंतेही असतील. त्यांना आजवरची वाट नीट दाखवणे, हा या पुस्तकाचा उद्देश आहे.